प्रश्नविधान बदलताना: उत्कलनबिंदूवरील एका बहुपर्यायी प्रश्नाचे प्रकरण

बहुपर्यायी प्रश्नात दोष असेल तर तो बहुतेक वेळा पर्यायांत शोधला जातो. चुकीचे पर्याय फारच बाळबोध आहेत, ते बदला, असा शेरा मारून प्रश्न परत पाठवला जातो. पर्याय नेमके कशाला उत्तर देत आहेत हे मात्र वरचे प्रश्नविधान ठरवते. प्रश्नविधान सदोष असेल तर त्याखाली कितीही विचारपूर्वक निवडलेला चुकीचा पर्याय ठेवला, तरी तो एक तर कोणालाही न पटणारा ठरतो, नाही तर बरोबरच ठरून बसतो. येथे असाच एक प्रश्न मूळ रूपापासून अंतिम रूपापर्यंत तपासला आहे. प्रश्न आणि त्याखालचे आकडे पद्धत उलगडून दाखवण्यासाठी रचलेले आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून परीक्षार्थींची संख्या 100 धरली आहे.

शालेय विज्ञानाच्या चाचणीत आलेला मूळ प्रश्न असा होता:

उंच पर्वतावर हवा विरळ असते. तेथे पाणी लवकर उकळते, कारण पाण्यावर पडणारा ………… कमी असतो.
(अ) उष्णता
(आ) ऑक्सिजन
(इ) वातावरणाचा दाब, जो समुद्रसपाटीपासून वर जाताना कमी होत जातो
(ई) वरीलपैकी सर्व

100 पैकी 88 जणांनी (इ) निवडला, (अ) 3 जणांनी, (आ) 4 जणांनी आणि (ई) 5 जणांनी. निकालाचा तक्ता पाहून शिक्षकाला समाधान वाटावे असेच हे आकडे आहेत. शंका आली ती दुसऱ्या हिशेबामुळे. संपूर्ण चाचणीतील गुणांनुसार विद्यार्थ्यांची उतरती यादी करून वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के असे दोन गट घेण्याची पद्धत ट्रुमन केली यांच्या 1939 मधील मांडणीपासून रूढ आहे. येथे प्रत्येक गटात 27 विद्यार्थी येतात. वरच्या गटातील 26 जणांचे उत्तर बरोबर होते आणि खालच्या गटातील 21 जणांचे. दोहोंतील फरकाला 27 ने भागले की भेदन निर्देशांक मिळतो, तो येथे 0.19 आला. ज्यांना बाकीची चाचणी जवळजवळ जमलीच नव्हती, त्यांनाही हा प्रश्न सहज सुटला होता, असा त्याचा अर्थ.

अर्थात, सोप्या प्रश्नाचा भेदन निर्देशांक कमी येणारच. घटक खरोखर सर्वांना समजला असेल तर कमकुवत विद्यार्थीही बरोबर उत्तर देतील आणि त्यात प्रश्नाचा काही दोष नसेल. ज्ञानामुळे सुटलेला प्रश्न आणि सुगाव्यामुळे सुटलेला प्रश्न यांतील फरक या एका आकड्यावरून कळत नाही. तो कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे तोच मुद्दा पर्याय न देता विचारणे. ‘उंच पर्वतावर पाणी कमी तापमानाला का उकळते, ते एका वाक्यात लिहा’ असे त्याच विद्यार्थ्यांना विचारल्यावर हवेच्या दाबाचा उल्लेख 54 जणांच्या उत्तरात आला. पर्याय समोर असताना बरोबर उत्तर थोडे अधिक जणांना आठवते, हे गृहीत धरले तरी 88 आणि 54 यांमधील अंतर निव्वळ आठवणीने भरून निघणारे नाही. उरलेले विद्यार्थी प्रश्नातल्या कशाचा तरी आधार घेत होते.

तो आधार शोधण्यासाठी प्रश्न पुन्हा वाचायचा, पण विज्ञानाची सगळी माहिती बाजूला ठेवून, केवळ मराठी येणाऱ्या माणसाच्या नजरेने. ‘पडणारा ………… कमी असतो’ या रचनेत पुल्लिंगी एकवचनी नामच बसते. ‘पडणारा उष्णता’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून (अ) वाचताक्षणीच गळतो. ऑक्सिजन पुल्लिंगी असला तरी तो पाण्यावर ‘पडत’ नाही. पडतो तो दाब, प्रकाश किंवा पाऊस. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय त्या जागी ठेवला तर वाक्यच मोडते, आणि एक पर्याय चुकीचा आहे हे कळल्यावर ‘सर्व’ चुकीचे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. उरतो (इ). तोही जागेवर नीट बसत नाही, कारण त्याला चिकटलेले ‘जो समुद्रसपाटीपासून…’ हे उपवाक्य मूळ वाक्याला अडते. पण याच उपवाक्यामुळे तो चारही पर्यायांत सर्वांत लांब आणि सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला दिसतो. आपले उत्तर कोणी आक्षेपार्ह ठरवू नये म्हणून प्रश्न काढणारा बरोबर पर्यायालाच अशी पुरवणी जोडतो, ही गोष्ट परीक्षांना सरावलेल्या विद्यार्थ्याच्या फार लवकर लक्षात येते. शिवाय पहिल्या वाक्यातील ‘हवा विरळ असते’ ही माहिती दाबाच्या दिशेने अर्धा रस्ता आधीच काढून देते.

लिंगाचा सुगावा मराठीत विशेष त्रासदायक आहे, कारण तो एकाच जागी राहत नाही. गाळलेल्या जागेच्या आधीचे विशेषण, नंतरचे क्रियापद, ‘कोणता, कोणती, कोणते’ हा प्रश्नवाचक शब्द आणि ‘चा, ची, चे’ हे प्रत्यय या सगळ्यांत उत्तराचे लिंग आणि वचन उमटते. काही जण यावर ‘पडणारा/पडणारी’ असा तिरकस रेघेचा उपाय करतात. त्याने सुगावा जातो, पण वाक्य वाचवत नाही. त्यापेक्षा प्रश्नविधानात एक तटस्थ नाम आणून प्रश्नवाचक शब्द त्याच्याशी जोडणे सोयीचे. ‘कारण कोणते?’ असे विचारले की ‘कोणते’ हे ‘कारण’ या नामाशी जुळते आणि पर्यायांमधील दाब, घनता, तापमान यांचे लिंग काहीही असले तरी चालते. ‘कशामुळे’ हा शब्दही असाच उपयोगी आहे. पण तो वापरला तर प्रत्येक पर्याय ‘मुळे’ने संपवावा लागतो, आणि लांब पर्यायांत ते कानाला खटकते.

मूळ प्रश्नात आणखी एक दोष आहे. तो बरोबर उत्तर सुचवत नाही, उलट चुकीच्या पर्यायांवर अन्याय करतो. ‘लवकर उकळते’ म्हणजे काय? कमी तापमानाला, की कमी वेळात? पाठात अभिप्रेत आहे ते तापमान. पण ‘लवकर’ या शब्दाचा पहिला अर्थ वेळेचाच होतो, आणि वेळेच्या अर्थाने हे विधान सरसकट खरेही नाही. पर्वतावरचे पाणी मुळातच अधिक थंड असू शकते, ज्योत मंद असू शकते, आजूबाजूची गार हवा भांड्यातील उष्णता ओढून घेऊ शकते. म्हणजे कमी तापमानापर्यंतच पोचायचे असूनही वेळ जास्त लागू शकतो. वेळेचा अर्थ घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने उष्णता आणि ऑक्सिजन हे दोन्ही पर्याय विचार करण्याजोगे ठरतात, आणि त्याचे उत्तर चुकीचे धरले तर त्याला विज्ञान येत नव्हते असे म्हणता येणार नाही.

पहिली दुरुस्ती या सर्व गोष्टी लक्षात घेऊन केली गेली:

उंच पर्वतावर पाणी 100 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाला उकळते. याचे कारण कोणते?
(अ) तेथील हवेचे तापमान कमी असते.
(आ) तेथील हवेचा दाब कमी असतो.
(इ) तेथील हवेची घनता कमी असते.
(ई) तेथील गुरुत्वाकर्षण कमी असते.

दिसायला हा प्रश्न नीटनेटका आहे. प्रश्नविधान पूर्ण आहे, गाळलेली जागा नाही, ‘लवकर’ गेले, ‘विरळ’ गेले, चारही पर्याय एकाच घडणीचे आणि जवळपास एकाच लांबीचे झाले. ‘वरीलपैकी सर्व’ काढल्याने प्रत्येक पर्यायाला स्वतंत्रपणे तोलावे लागते. समान तयारीच्या दुसऱ्या 100 विद्यार्थ्यांना तो दिल्यावर वरच्या गटातील 27 जणांची उत्तरे अशी आली: दाब 14, घनता 10, तापमान 2, गुरुत्वाकर्षण 1. खालच्या गटात दाब 9, घनता 3, तापमान 10, गुरुत्वाकर्षण 5. भेदन निर्देशांक 14 वजा 9 भागिले 27, म्हणजे पुन्हा 0.19.

या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगी जागा मला हीच वाटते. आकडा तोच, पण दुखणे उलट. मूळ प्रश्नात खालचा गट सुगाव्यामुळे प्रमाणाबाहेर वर आला होता. येथे वरचा गट एका पर्यायाने खाली ओढला. नुसता निर्देशांक पाहणाऱ्याला दोन्ही प्रश्न सारखेच नापास वाटतील आणि दोहोंवर तो एकच उपाय करू पाहील. कोणत्या गटाने कोणता पर्याय निवडला हा तक्ता पाहिला तरच फरक दिसतो. चुकीच्या पर्यायाकडे खालचा गट अधिक वळावा, ही साधी अपेक्षा आहे. तापमान आणि गुरुत्वाकर्षण हे पर्याय ती पूर्ण करतात. घनतेचा पर्याय मात्र 10 विरुद्ध 3 अशा प्रमाणात हुशार विद्यार्थ्यांनाच ओढतो. असे झाले की विद्यार्थ्यांना दोष देण्याआधी तो पर्याय खरोखर चुकीचा आहे का, हे तपासायचे असते.

घनतेचा पर्याय चुकीचा आहे का? काटेकोरपणे पाहिले तर आहे. पाण्याचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते; त्या हिशेबात बाहेरच्या हवेची घनता थेट येत नाही. दाब तोच ठेवून हवा गरम केली तर तिची घनता कमी होते, पण पाण्याचा उत्कलनबिंदू हलत नाही. पण पर्वतावर दाब आणि घनता या दोन्ही गोष्टी एकत्रच घटतात. हवा विरळ म्हणून दाब कमी, अशी कारणांची साखळी पाठात शिकवलेली असते, आणि त्या साखळीतील आधीची कडी निवडणाऱ्या विद्यार्थ्याला तू चुकलास हे पटवून देण्यासाठी वरच्यासारखा अख्खा युक्तिवाद करावा लागतो. प्रश्नविधानात ‘कारण’ एवढेच विचारले आहे, जवळचे कारण की दूरचे हे सांगितलेले नाही. म्हणजे येथेही अन्यायाचे मूळ पर्यायाइतकेच प्रश्नविधानात आहे.

प्रश्न तपासणाऱ्यांनी यासाठी एक सवय ठेवावी. प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर तो का चुकीचा आहे ते एका वाक्यात लिहावे, आणि ते वाक्य विद्यार्थ्याला शिकवलेल्या पातळीवरचे असावे. ‘गार हवेमुळे पाणी तापायला वेळ लागतो, पण उकळण्याचे तापमान त्याने बदलत नाही’ हे वाक्य त्या इयत्तेला समजते. घनतेसाठी तसे वाक्य लिहू पाहिले की ‘खरे तर’, ‘तसे पाहिले तर’, ‘अप्रत्यक्षपणे’ असे शब्द त्यात शिरू लागतात. हे शब्द आले की तो पर्याय या प्रश्नाखाली ठेवण्याजोगा नाही असे समजावे. पर्याय अवघड असला तरी हरकत नाही, वादग्रस्त असता कामा नये.

घनतेच्या पर्यायापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे ‘थेट कारण कोणते?’ असे विचारून तो पर्याय राखणे. तसे केले तर प्रश्न ‘थेट’ या शब्दावर उभा राहतो, तो शब्द वाचताना निसटलेल्या विद्यार्थ्याला शिक्षा होते, आणि जाडा ठसा देऊनही सगळे तो वाचतातच असे नाही. दुसरी वाट म्हणजे तो पर्याय काढून टाकणे. दुसरी स्वीकारली गेली. मग चौथा पर्याय कुठून आणायचा, हा प्रश्न उभा राहिला. खुल्या प्रश्नाच्या उत्तरपत्रिकांत शोध घेतला तेव्हा दाबाशिवाय आलेली उत्तरे मुख्यतः तीन होती: थंड हवा, कमी ऑक्सिजन आणि कमी गुरुत्वाकर्षण. चुकीचे पर्याय शोधण्याची याहून चांगली जागा नाही, कारण येथे विद्यार्थी स्वतःहून, कोणी न सुचवता चुकलेला असतो. प्रश्न काढणाऱ्याने टेबलाशी बसून कल्पनेने रचलेला पर्याय बहुधा त्याच्या स्वतःच्या विचारपद्धतीतून येतो, आणि विद्यार्थी तसा विचार करतच नाहीत.

ऑक्सिजनचा पर्याय पुन्हा घ्यावा असे म्हणूनच ठरले, पण तेथेही अडचण आली. ज्योतीवर पाणी उकळायचे असेल तर ऑक्सिजन कमी असल्याचा ज्योतीवर परिणाम होऊ शकतो, आणि चौकस विद्यार्थी त्यावर वाद घालू शकतो. तो वाद मिटवण्यासाठी प्रश्नविधानात विजेची शेगडी आणली. आता पर्याय निर्विवाद चुकीचा झाला खरा, पण त्याच शब्दाने तो निर्जीवही झाला, कारण विजेच्या शेगडीला ऑक्सिजन लागत नाही हे कोणीही जाणतो. पूर्वचाचणीत त्याला 100 पैकी 2 मते मिळाली. 5 टक्क्यांहूनही कमी जण निवडतात तो पर्याय काम करत नाही असे सर्वसाधारणपणे मानतात. शेगडी ठेवावी तर पर्याय मरतो आणि काढावी तर तो वादग्रस्त होतो, तेव्हा त्याला सोडून देणेच योग्य होते.

उरले तीन पर्याय. चारच हवेत हा आग्रह उत्तरपत्रिकेच्या छापील नमुन्यातून येतो, मापनशास्त्रातून नाही. मायकेल रॉड्रिगेझ यांनी 2005 मध्ये सुमारे 80 वर्षांतील संशोधनाचे एकत्रित विश्लेषण करून बहुतेक प्रसंगी तीन पर्याय पुरेसे ठरतात असा निष्कर्ष काढला. निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता 25 वरून 33 टक्क्यांवर जाते, हे खरे. पण चौथा पर्याय कोणी निवडतच नसेल तर ती शक्यता आधीपासूनच 33 टक्के असते, फक्त कागदावर तसे दिसत नाही.

अंतिम प्रश्न असा झाला:

सारख्याच उघड्या भांड्यांत सारखेच शुद्ध पाणी विजेच्या शेगडीवर तापवले. समुद्रसपाटीवर ते सुमारे 100 अंश सेल्सिअसला उकळले आणि 3000 मीटर उंचीवर सुमारे 90 अंश सेल्सिअसला उकळले. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळण्याचे कारण कोणते?
(अ) तेथील हवेचे तापमान कमी असते.
(आ) तेथील हवेचा दाब कमी असतो.
(इ) तेथील गुरुत्वाकर्षण कमी असते.

प्रश्नविधान पूर्वीपेक्षा लांबले आहे, आणि लांब प्रश्नविधान हा स्वतःच एक आक्षेप असतो. पण येथे वाढलेला प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या पळवाटेचे दार बंद करतो. ‘शुद्ध’ या शब्दाने पाण्यात क्षार असण्याची शंका जाते. ‘उघड्या’मुळे भांड्याच्या आत वेगळा दाब साठल्याचा प्रश्न उरत नाही. दोन तापमाने आकड्यांत दिल्याने वेळेचा अर्थ घेण्यास जागा राहत नाही. शिवाय यांतील कोणताही शब्द दाबाकडे बोट दाखवत नाही. याउलट मूळ प्रश्नातील ‘हवा विरळ असते’ हे वाक्य कोणतीही पळवाट बंद करत नव्हते, ते फक्त उत्तराची दिशा देत होते. प्रश्नविधानातील माहिती ठेवावी की काढावी, हे ठरवताना हा भेद उपयोगी पडतो.

‘कमी’ हा शब्द तिन्ही पर्यायांत मुद्दाम ठेवला आहे. प्रश्नविधानात ‘कमी तापमानाला’ असे शब्द असताना तो एका-दोन पर्यायांतच आला असता, तर शब्दसाम्यावरून उत्तर हुडकणाऱ्यांना आयता दुवा मिळाला असता. पर्याय (अ) मध्ये ‘तापमान’ हाही शब्द प्रश्नविधानाशी जुळतो, पण तो चुकीच्या पर्यायात आहे. शब्द जुळवणारा विद्यार्थी त्यामुळे चुकेल, आणि यात अन्याय नाही, कारण हवेचे तापमान आणि उत्कलनाचे तापमान यांची गल्लत हीच येथे तपासायची आहे.

गुरुत्वाकर्षणाच्या पर्यायावर एका परीक्षकाने आक्षेप घेतला: उंचीवर ते खरोखरच किंचित कमी असते, मग तो चुकीचा कसा? 3000 मीटरवर ही घट सुमारे 0.1 टक्का भरते. विधान म्हणून ते खोटे नाही, पण उत्कलनबिंदू 10 अंशांनी खाली आणणारे कारण ते नाही. हवेचे तापमान कमी असते हे विधानही असेच खरे आहे. दोन्ही पर्याय ‘खरे, पण कारण नव्हे’ या जातीचे आहेत. असे पर्याय न्याय्य राहतात, पण प्रश्नविधानात ‘कारण’ स्पष्ट विचारले असेल तरच. ‘पुढीलपैकी योग्य विधान निवडा’ असे वर लिहिले असते, तर हेच तीन पर्याय घेऊन प्रश्न रद्द करावा लागला असता.

या रूपात 58 जणांनी दाब निवडला, 29 जणांनी हवेचे तापमान आणि 13 जणांनी गुरुत्वाकर्षण. वरच्या गटातील 25 आणि खालच्या गटातील 8 जण बरोबर होते, म्हणजे भेदन निर्देशांक 0.63. खालच्या गटाचे 8 हे 27 च्या तिसऱ्या हिश्श्याच्या, म्हणजे 9 च्या जवळ आहेत. ज्यांना उत्तर माहीत नव्हते ते आता निव्वळ अंदाजावर आले आहेत, असे त्यावरून दिसते. एकूण 58 हा आकडा खुल्या प्रश्नातील 54 ला लागून आहे. प्रश्न अवघड झाला अशी तक्रार या टप्प्यावर हमखास येते. 30 जणांना पूर्वी मिळालेला गुण गेला हे खरेच, पण तो गुण व्याकरणाचा होता.

या प्रश्नाची मर्यादाही नोंदवायला हवी. ‘उंचावर हवेचा दाब कमी’ एवढे एक वाक्य पाठ असलेला विद्यार्थी तो सोडवू शकतो. बाष्पदाब बाहेरच्या दाबाशी बरोबरीत येतो तेव्हा पाणी उकळते, हे त्याला उमगले आहे की नाही ते येथे कळत नाही. प्रश्नविधानात आणखी फेरफार करून ते कळणारही नाही, त्यासाठी पर्वत नसलेली परिस्थिती लागते. बंद काचपात्रात 25 अंश सेल्सिअसचे पाणी ठेवून पंपाने आतली हवा काढत गेल्यास, शेगडीविनाच ते उकळू लागते, कारण आतला दाब सुमारे 3.2 किलोपास्कलपर्यंत उतरलेला असतो. यावर आधारलेला स्वतंत्र प्रश्न प्रश्नपेढीत या प्रश्नाशेजारी ठेवला. मात्र दोन्ही एकाच प्रश्नपत्रिकेत घेऊ नयेत, अशी सूचना दोहोंच्या नोंदीत लिहिली आहे, कारण दुसऱ्याच्या प्रश्नविधानात हवा काढून घेतल्याचा उल्लेख टाळता येत नाही आणि तो वाचलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याचे उत्तर तेथेच मिळते.